कळा चालू असताना ताप: कोरिओअम्निओनायटिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"रात्री पाणमोट फुटली, सकाळी दाखल केलं, दुपारी ताप भरला आणि संध्याकाळी बाळ जन्मल्या जन्मल्या काचपेटीत नेलं. डॉक्टर, नेमकं झालं काय?" मी तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा लेबर रूमच्या दारात, हातात फाइल धरून उभ्या असलेल्या बाळाच्या वडिलांकडून किंवा आजीकडून येतो. दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर नेहमी अपुरं राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. हे पान तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला यातून कळेल.

कोरिओअम्निओनायटिस म्हणजे काय?

बाळ गर्भपिशवीत पाण्याच्या पिशवीत असतं. त्या पिशवीला दोन पातळ पडदे असतात, बाहेरचा कोरिऑन आणि आतला अम्निऑन. या पडद्यांना, गर्भजलाला किंवा वारेला जंतुसंसर्ग होऊन सूज आली की त्याला कोरिओअम्निओनायटिस म्हणतात. अलीकडच्या कागदांवर याच आजाराला 'इंट्रा-अम्निऑटिक इन्फेक्शन' असंही लिहिलेलं दिसेल.

जंतू बहुतेक वेळा बाहेरून आलेले नसतात. योनिमार्गात आणि आतड्यात एरवी राहणारेच जंतू, म्हणजे ई. कोलाय, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, हवेविना वाढणारे काही जंतू, युरियाप्लाझ्मा, हे वर चढतात. पाणमोट शाबूत असेपर्यंत वाट बरीचशी बंद असते. ती फुटली की वाट उघडते, आणि पाणी जाऊन जितके तास होतील तितका धोका वाढत जातो. पहिलं बाळंतपण, लांबलेल्या कळा आणि पाणी गेल्यानंतर वारंवार केलेली आतली तपासणी यांनीही तो वाढतो. म्हणून तपासणी लांबणीवर टाकली तर "डॉक्टर लक्ष देत नाहीत" असं समजू नका. पाणी गेलेल्या बाईला गरजेशिवाय हात न लावणं हीच काळजी आहे.

किती ताप आला की तो ताप धरायचा?

38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट. तोही थर्मामीटर तोंडात ठेवून मोजलेला. काखेतलं माप कमी येतं, आणि नुकतंच गार पाणी प्यायलेल्या बाईच्या तोंडातलं मापही फसवं असतं. अशा वेळी पंधरा मिनिटं थांबून मोजावं. "अंग गरम लागतंय" या शब्दांवर ना निदान करता येतं, ना ते नाकारता येतं.

ताप आला म्हणजे हाच आजार, असं आहे का?

नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने, एसीओजीने, 2017 मध्ये जी विभागणी सांगितली ती मला रोजच्या कामात उपयोगी पडते. एकदाच मोजलेला ताप 39 अंश किंवा त्याहून जास्त असेल, तर तेवढ्यावर हा संसर्ग आहे असं धरून उपचार सुरू करायचे. ताप 38 ते 38.9 मध्ये असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचा. तो टिकून असेल आणि जोडीला आणखी एक खूण असेल, तर संसर्गाचा संशय पक्का धरायचा. या खुणा तीन: बाळाचे ठोके मिनिटाला 160 च्या वर दहा मिनिटं किंवा अधिक काळ राहणं, आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर जाणं, आणि गर्भपिशवीच्या तोंडातून पू-मिश्रित पाणी येताना दिसणं.

ताप आहे पण यातलं काहीच नाही, तर त्याला 'नुसता ताप' म्हणतात. अशा वेळी दुसरं कारण दिसत नसेल तर अँटिबायोटिक देण्याचा विचार करावा, असंच ती संघटना सांगते. आणि आपल्याकडे दुसरं कारण शोधावंच लागतं. पावसाळ्यात कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या बाईला ताप असेल तर मलेरियाची आणि डेंग्यूची तपासणी मी लगेच पाठवते. कमरेत एका बाजूला दुखत असेल, थंडी वाजत असेल तर लघवी तपासते, कारण मूत्रपिंडाचा संसर्गही असाच दिसतो.

पांढऱ्या पेशींबद्दल एक सांगते. कळांच्या श्रमानेच त्या वाढतात, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननेही वाढतात. नुसत्या वाढलेल्या पेशींचा रिपोर्ट पाहून कोणी "इन्फेक्शन आहे" म्हणालं, तर ताप किती होता हे विचारा.

याच्या उलटही घडतं. ताप नाही, पण पाण्याला घाण वास येतो आहे आणि बाळाचे ठोके चढलेले आहेत, अशी बाई मी थर्मामीटरकडे बोट दाखवून सोडून देत नाही.

एपिड्युरल दिल्यामुळे ताप येतो, हे खरं का?

खरं आहे. कळांचं दुखणं कमी करण्यासाठी पाठीतून एपिड्युरल घेतलेल्या बायकांपैकी शंभरात साधारण 15 ते 25 जणींना ताप येतो, आणि तो बहुधा काही तासांनंतर चढतो. यात जंतू नसतात, शरीराने दिलेली दाहाची प्रतिक्रिया असते. अडचण अशी की खाटेजवळ उभं राहून हा ताप आणि संसर्गाचा ताप वेगळे ओळखण्याची खात्रीची रीत आज कोणाकडेच नाही. पोटात सुई घालून गर्भजल काढून तपासता येतं, पण कळा चालू असताना ते क्वचितच केलं जातं, आणि जंतू वाढवण्याच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत बाळ जन्मलेलं असतं. म्हणून खुणा जुळल्या की आम्ही संसर्ग आहे असं धरतो. काही बायकांना नको असलेले दोन डोस मिळतात, पण खरा संसर्ग हातून निसटत नाही. हा सौदा मला मान्य आहे.

एखादं उदाहरण देऊन सांगाल का?

एका कोणाची ही गोष्ट नाही, रोज दिसणाऱ्या अनेकींवरून घेतलेला नमुना आहे. 26 वर्षांची बाई, पहिलटकरीण, 39 आठवडे पूर्ण, वजन 62 किलो. रात्री 11 वाजता घरी पाणी गेलं. सकाळी 6 ला दाखल, 11 ला एपिड्युरल. दुपारी 4.10 ला ताप 38.4. बाळाचे ठोके सकाळी 140 होते, ते आता 172 आहेत आणि पंधरा मिनिटं खाली आलेले नाहीत.

या वेळी पहिला मोह होतो तो पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवण्याचा. मी दुसऱ्या मापापर्यंत थांबते, कारण गोळीने ताप उतरला तर कागदावरचं चित्रच बदलतं. पण तो अर्धा तास हातावर हात ठेवून बसायचं नाही. सलाईनची लाइन, रक्ताचे नमुने, लघवी, मलेरियाची तपासणी, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हा प्रश्न आणि औषधांच्या बाटल्या ट्रेमध्ये काढणं, सगळं याच वेळात उरकतं. 4.40 ला ताप 38.3. पेशींचा रिपोर्ट अजून यायचा आहे, पण ताप टिकला आहे आणि बाळाचे ठोके चढलेले आहेत, एवढं पुरे.

4.55 ला अँपिसिलिन 2 ग्रॅम शिरेतून. त्यामागोमाग जेंटामायसिन, किलोला 5 मिलिग्रॅम या हिशेबाने 62 × 5 = 310 मिलिग्रॅम. आपल्याकडची नेहमीची बाटली 2 मिलिलिटरची असते आणि तिच्यात 80 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे 310 साठी 7.75 मिलिलिटर, जवळजवळ चार बाटल्या. ते सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एक तासात हळूहळू सोडायचं. इथे एक चूक वारंवार दिसते: सवयीने एकच बाटली, 80 मिलिग्रॅम दिली जाते. दिवसातून एकदा द्यायच्या डोसच्या मानाने ते फारच अपुरं आहे. त्यानंतर पॅरासिटामॉल. ते जंतूंवर काही करत नाही, पण गर्भातलं बाळ आईपेक्षा अर्धा ते एक अंश अधिक गरम असतं, म्हणून आईचा ताप उतरवणं हा बाळासाठीचाही उपचार आहे.

रात्री 9.40 ला नैसर्गिक प्रसूती. पाणी जाऊन 22 तास 40 मिनिटं, पहिला डोस देऊन 4 तास 45 मिनिटं. बाळ 2.9 किलो, लगेच रडलं. हे आकडे मी बालरोगतज्ज्ञांना तोंडी सांगते आणि बाळाच्या कागदावर लिहूनही देते. का, ते पुढे येईल.

हीच दोन औषधं का? सेफ्ट्रियाक्झोनसारखं 'भारी' औषध का नाही?

कारण या दोघांत कामाची वाटणी चांगली होते. अँपिसिलिन ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि तशाच इतर जंतूंवर चालतं, जेंटामायसिन ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जंतूंवर. दोन्ही वारेतून बाळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनाही याच जोडीची शिफारस करते. अँपिसिलिन दर सहा तासांनी, जेंटामायसिन दिवसातून एकदा. आईच्या मूत्रपिंडाचं काम बिघडलेलं असेल तर मात्र जेंटामायसिनचा विचार वेगळा करावा लागतो.

काही ठिकाणी स्थानिक जंतूंचे अहवाल पाहून दुसरी जोडी निवडतात, आणि अहवाल खरोखर हातात असेल तर ते योग्य आहे. नुसतं महाग म्हणून वरच्या दर्जाचं औषध सुरू करणं मला पटत नाही. 2016 मध्ये दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमधल्या नवजात बाळांचा 'डेनिस' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरसारख्या जंतूंवर नेहमीची कित्येक औषधं लागू पडत नव्हती. वरच्या दर्जाची औषधं आपण इतक्या सहज वापरली की त्यांची धार गेली, आणि किंमत आठवड्याच्या बाळांनी मोजली.

पेनिसिलिनची ॲलर्जी सौम्य असेल, म्हणजे नुसतं पुरळ आलं असेल, तर अँपिसिलिनऐवजी सेफाझोलिन चालतं. श्वास कोंडणं, चेहरा सुजणं असं झालं असेल तर क्लिंडामायसिन किंवा व्हँकोमायसिन, जोडीला जेंटामायसिन.

बाळ जन्मल्यावर औषध सुरू केलं तर नाही का चालणार? आता थोडाच वेळ राहिलाय.

नाही, आणि याचं उत्तर 1988 पासून आपल्याकडे आहे. अमेरिकेत रोनाल्ड गिब्ज आणि सहकाऱ्यांनी 45 बायकांचा अभ्यास केला. काहींना कळा चालू असतानाच औषध दिलं, काहींना प्रसूती झाल्यावर. आधी औषध मिळालेल्या 26 जणींच्या एकाही बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला नाही. नंतर मिळालेल्या 19 जणींपैकी चौघींच्या बाळांना झाला. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तेव्हा बाळंतपण तासाभरात होईल असं वाटत असलं तरी पहिला डोस थांबवायचा नाही.

मग लगेच सिझेरियन करून बाळ बाहेर का काढत नाहीत?

कारण संसर्ग हे एकटं सिझेरियनचं कारण नाही. कळा नीट पुढे सरकत असतील आणि बाळाचे ठोके सोसण्याजोगे असतील तर नैसर्गिक प्रसूतीची वाट पाहणं आईसाठी सुरक्षित असतं, कारण संसर्ग असलेलं पोट उघडलं की जखमेत आणि गर्भपिशवीत पू होण्याची भीती वाढते. वाट पाहायची म्हणजे रेंगाळायचं मात्र नाही. कळा मंदावल्या तर ऑक्सिटोसिनने त्या वाढवतात. दुसऱ्या काही कारणाने सिझेरियन करावंच लागलं, तर हवेविना वाढणाऱ्या जंतूंसाठी क्लिंडामायसिन किंवा मेट्रोनिडॅझोल जोडतात आणि शस्त्रक्रियेनंतर किमान एक डोस आणखी देतात. नैसर्गिक प्रसूतीनंतर आईचा ताप उतरला असेल तर पुढचे डोस सहसा लागतच नाहीत. पाच दिवस सलाईन चालू ठेवायची गरज नसते.

आईच्या बाबतीत मला खरी धास्ती असते ती रक्तस्रावाची. संसर्ग झालेली गर्भपिशवी थकलेली असते, वार पडल्यावर ती नीट आवळत नाही. म्हणून अशा प्रसूतीत रक्ताची व्यवस्था आणि पिशवी आवळण्याची औषधं मी आधीच हाताशी ठेवते.

बाळाला काय होऊ शकतं?

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही. हे मी मोकळेपणाने सांगते, कारण काचपेटी हा शब्द ऐकून आयांचे चेहरे पांढरे पडलेले मी पाहिले आहेत. ज्या थोड्या बाळांना त्रास होतो त्यांच्यात जंतू रक्तात उतरतात, कधी फुप्फुसांत न्यूमोनिया होतो, क्वचित संसर्ग मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. अशा बाळांपैकी बहुतेकांची लक्षणं पहिल्या 24 तासांत दिसू लागतात. श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज, मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध न ओढणं, मलूल पडणं. मोठ्या माणसासारखा ताप येईलच असं नाही. नवजात बाळाचं अंग गार पडणं हीसुद्धा संसर्गाची खूण असू शकते.

बाळ छान रडलं, तरी रक्त कशाला काढलं? आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळाला का नाही नेलं काचपेटीत?

पूर्वी नियम सरळ होता: आईला कोरिओअम्निओनायटिस, की बाळाला आत घ्यायचं आणि अँटिबायोटिक सुरू करायचं. त्यात शेकडो निरोगी बाळं आईपासून दूर झाली, सुया टोचल्या गेल्या आणि अंगावरचं दूध सुरू व्हायला उशीर झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये 35 आठवडे आणि पुढच्या बाळांसाठी दुसरे मार्गही मान्य केले. एका मार्गात गणकयंत्र वापरतात. त्यात गर्भाचे आठवडे, आईचा सर्वांत जास्त ताप, पाणी जाऊन झालेले तास, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचा रिपोर्ट आणि पहिला डोस प्रसूतीच्या किती आधी दिला, एवढं भरलं की धोक्याचा अंदाज मिळतो. मग बाळ कसं दिसतं आहे ते पाहून निर्णय. दुसऱ्या मार्गात बाळाकडेच ठरावीक वेळाने नीट पाहत राहतात.

वरच्या उदाहरणातले आकडे मी लिहून देते ते यासाठी. डोस प्रसूतीच्या चार तासांहून आधी दिला की दोन तासांच्या आत, यावर हिशेब बदलतो. "अँटिबायोटिक दिलं होतं" एवढंच लिहिलेल्या कागदाचा बालरोगतज्ज्ञांना उपयोग होत नाही, आणि वेळ माहीत नसली की ते सावधगिरी म्हणून बाळाला आत घेतात. दुसऱ्या रुग्णालयात हलवायची वेळ आली तर निघण्याआधी ताप, पाणी गेल्याची वेळ आणि डोसची वेळ कागदावर आहे ना, हे नातेवाइकांनी जरूर पाहावं.

गणकयंत्राला मर्यादा आहे. ते अमेरिकेतल्या बाळांच्या नोंदींवरून तयार झालं आहे. आपल्याकडे जंतू वेगळे आणि संसर्गाचं प्रमाणही वेगळं. त्यामुळे आमच्याकडचे बालरोगतज्ज्ञ आकड्यापेक्षा बाळाकडे जास्त पाहतात. उदाहरणातलं बाळ आईच्याच कुशीत राहिलं आणि 24 तास दर चार तासांनी त्याचा श्वास, ठोके आणि अंगाचं तापमान नोंदवलं गेलं. शेजारच्या बाळाचा श्वास पहिल्या तासातच कण्हता होता, म्हणून ते आत गेलं.

बाळाचा सीआरपी वाढलाय म्हणजे संसर्ग आहेच ना?

एकट्या सीआरपीवर नाही. सीआरपी म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. कठीण बाळंतपणानेही तो वाढतो, आणि जन्माच्या वेळी काढलेला सीआरपी संसर्ग असूनही कमी येऊ शकतो. विचारायचा खरा प्रश्न हा की औषध सुरू करण्याआधी बाळाचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, काढलं का आणि त्यात किती रक्त घेतलं. किमान 1 मिलिलिटर हवं. थोडंसं रक्त घेतलं तर जंतू असूनही सापडत नाहीत. कल्चरमध्ये 36 ते 48 तास काही वाढलं नाही आणि बाळ चांगलं असेल, तर अँटिबायोटिक थांबवता येतं.

दूध पाजायचं का? ताप होता, औषधं चालू आहेत.

पाजायचं, चिकासकट. अँपिसिलिन आणि जेंटामायसिन घेणारी आई दूध पाजू शकते. बाळ आत असेल तर चीक हाताने पिळून वाटीत काढा आणि आत पाठवा. "तापातलं दूध बाधतं" असं घरातल्या मोठ्या बायका मायेने सांगतात, पण ते खरं नाही.

दिवस भरण्याआधीच पाणी गेलं तर?

ते गणित वेगळं. कळा नसतील आणि संसर्गाची खूण नसेल तर काही दिवस गर्भ राखण्यासाठी अँटिबायोटिक देतात. त्यात को-अमॉक्सिक्लॅव्ह टाळतात, कारण ओरॅकल नावाच्या मोठ्या अभ्यासात त्याने कमी दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याचा गंभीर आजार वाढलेला दिसला. पण एकदा कोरिओअम्निओनायटिस झाला, की आठवडे कमी असले तरी गर्भ राखत बसायचं नाही, प्रसूती करायची. अशा बाळाला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, लागतोच, म्हणून तशी सोय असलेल्या ठिकाणी आई पोटात बाळ असतानाच पोचलेली बरी. शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊनच ॲम्ब्युलन्स निघावी.

पुढे बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का?

कोरिओअम्निओनायटिस आणि सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर राहणारा कायमचा परिणाम, यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, विशेषतः कमी दिवसांच्या बाळांत. पण संबंध दिसणं म्हणजे हेच कारण असं सिद्ध होणं नव्हे, आणि पूर्ण दिवसांच्या एका बाळाच्या बाबतीत धोका फार कमी असतो. ज्याला जन्मानंतर झटके आले किंवा श्वासाला आधार लागला, त्याची वाढ मात्र बालरोगतज्ज्ञांकडून नेमाने तपासून घ्या.

घरी गेल्यावर काय पाहायचं?

दूध ओढणं कमी होणं, उठवल्याशिवाय हालचाल न करणं, श्वास भरभर होणं, छाती आत जाणं, काखेतलं तापमान 37.5 किंवा जास्त होणं अथवा 35.5 च्या खाली जाणं, झटके येणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. कळा चालू असताना ताप होता हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. आईला पुन्हा ताप, ओटीपोटात दुखणं किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला तर तिलाही त्याच दिवशी दाखवा, कारण गर्भपिशवीतला संसर्ग बाळंतपणानंतरही डोकं वर काढतो.

पुढच्या बाळंतपणातही असंच होईल का?

होईलच असं नाही. पण पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत या बाळंतपणाचे कागद डॉक्टरांना दाखवा, आणि पाणी गेलं तर कळांची वाट पाहत घरी थांबू नका. पाणी गेल्यावर घड्याळ बघा आणि वेळ कागदावर लिहूनच घरातून निघा.